धोतर घेताना आधी पन्हा बघा, मग लांबी

प्रश्न: माझी उंची ६ फूट १ इंच आहे. पँट ४० ची लागते, पण बेंबीवरून टेप लावला तर ४३ इंच भरतात. मागच्या संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालायला बाराबंदी आणि धोतर घेतलं. दुकानदार म्हणाला, "चार मीटर सगळ्यांना होतं." नेसल्यावर डावा पाय घोट्याच्या वर पाच-सहा बोटं उघडा दिसत होता आणि अर्ध्या वाटेत कासोटा दोनदा निसटला. नेसताना कापडाचा मध्य बरोबर पाठीवर ठेवला होता. घरी बघितलं तर पुडक्यावर ४ मीटर, ११२ सेंटीमीटर असं लिहिलंय. यंदा किती लांबीचं, किती पन्ह्याचं घ्यावं? लुंगीलाही हाच हिशोब लागतो का?

उत्तर:

यंदा साडेचार मीटर लांबीचं आणि १२७ सेंटीमीटर, म्हणजे ५० इंच पन्ह्याचं एक पान, म्हणजे एक धोतर, घ्या. पाय उघडा पडला तो पन्ह्यामुळे आणि कासोटा निसटला तो लांबीमुळे. ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुकानात फक्त मीटर विचारले जातात, म्हणून पहिल्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

मी सोलापूरच्या चाटी गल्लीत तीस वर्षांहून जास्त काळ धोतरं विकतोय आणि लग्नसराईत व यात्रेच्या दिवसांत लोकांना नेसवूनही देतोय. नेसवायला लागल्यापासून विकण्याची माझी पद्धतच बदलली. गिऱ्हाईक आलं की मी आधी उंची बघतो, मग पोट बघतो आणि मग विचारतो, कसं नेसणार?

पन्ह्यापासून सुरुवात करू, कारण पन्हा कमी पडला तर त्यावर इलाज नाही. लांबी जास्त झाली तर दोन निऱ्या वाढवता येतात, नाहीतर कापून काठ दुमडून शिवता येतो. पन्हा जास्त झाला तर कंबरेपाशी दुमड घालून तीन-चार इंच सहज जिरवता येतो. कमी पडलेला पन्हा मात्र कुठून आणणार? धोतर खाली सरकवून नेसलं तर दहा पावलांत गाठ ढिली होते.

पन्हा म्हणजे कंबरेपासून घोट्यापर्यंत उभं पडणारं कापड. तो मोजायला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा. जिथे गाठ मारणार तिथे, म्हणजे बेंबीवर किंवा बेंबीच्या किंचित खाली, टेप धरा आणि घोट्याच्या हाडापर्यंत सोडा. तुमच्या उंचीच्या माणसाचं हे माप ४२ इंचांच्या आसपास येतं. त्यात वरच्या दुमडीचे दोन इंच मिळवा. पुढची गोष्ट बहुतेक जण विसरतात. कासोट्यासाठी कापड दोन पायांतून मागे ओढलं की त्या बाजूचा खालचा काठ वर उचलला जातो. हा उचल साधारण चार इंचांचा असतो. म्हणजे ४२ अधिक २ अधिक ४, एकूण ४८ इंच झाले, आणि तेही धुतल्यानंतरचे. कोरं सुती कापड पन्ह्यात इंचभर तरी आटतं. म्हणून बाजारात मिळणाऱ्या मापांतलं ५० इंची तुम्हाला लागतं.

आता तुमचं जुनं धोतर याच हिशोबात घाला. ११२ सेंटीमीटर म्हणजे ४४ इंच. धुतल्यावर ४३ उरले. दुमडीचे दोन आणि उचलाचे चार गेले की हातात ३७. तुम्हाला ४२ हवे होते, म्हणजे पाच इंचांची तूट. पाय उघडा पडला तो डावाच, कारण कासोटा डाव्या बाजूने गेला होता. उजव्या बाजूला निऱ्यांमुळे काठ खाली पडतो, तिथे एवढं जाणवलं नसेल. एकच पाय उघडा पडत असेल तर नेसण चुकलीय असं लोकांना वाटतं आणि ते पुन्हा पुन्हा सोडून नेसतात. नेसण बरोबर असूनही पन्हा अपुरा असला की असंच होतं.

दुकानात टेप नसला तरी पन्हा बघता येतो. शहराच्या पूर्व भागातले जुने विणकर आमच्याकडे धोतर घ्यायला आले की लांबीची घडी उलगडतच नाहीत, नुसता पन्हा मोकळा करतात. एक काठ बेंबीवर धरून डाव्या कोपराने पोटाशी दाबतात आणि दुसरा काठ सरळ खाली सोडतात. तो जमिनीला नुसता टेकला तर पान बाजूला ठेवतात. चार बोटं जमिनीवर लोळला तरच पुढचं बोलणं. कोऱ्या कापडासाठी याहून चांगली कसोटी मला माहीत नाही. दुकानात चपला काढून करा आणि मान खाली घालून बघू नका, पोट पुढे येऊन माप चुकतं. शेजारच्याला बघायला सांगा.

आता लांबी. लांबी चार ठिकाणी खर्च होते. कंबरेभोवतीचा एक वेढा, पुढची गाठ, पायांतून मागे जाणारा कासोटा आणि उरलेल्याच्या निऱ्या. पहिल्या तीन जागांना जेवढं लागतं तेवढं लागतंच, तिथे काटकसर चालत नाही. जे कमी-जास्त व्हायचं ते निऱ्यांत होतं.

कंबर नेहमी गाठीच्या जागी मोजायची, पँटच्या नंबरावर जायचं नाही. पँट पोटाच्या खाली बसते आणि धोतर बेंबीपाशी, त्यामुळे सुटलेल्या पोटाला दोन्हीत तीन-चार इंचांचा फरक सहज पडतो. तुमचंच बघा, ४० आणि ४३. लंगोट किंवा आत जे काही घालणार असाल ते घालूनच मोजा. गाठीला आठ इंच धरा.

कासोट्यासाठी एक माप घ्यावं लागतं, ते कुणी घेत नाही. टेपचं टोक बेंबीपाशी धरायचं, टेप दोन पायांतून मागे न्यायचा आणि मागे त्याच उंचीवर वर आणायचा. याला मी फेरा म्हणतो. तुमच्या बांध्याला तो ३६ इंचांच्या आसपास भरेल. सडपातळ माणसाचा ३२ भरतो. पण नुसता फेरा पुरत नाही. पाय उचलायला, पायरी चढायला, मांडी घालायला बारा इंचांची ढील हवी आणि मागे खोचायला सहा इंच हवेत. म्हणजे फेरा अधिक १८.

तुमचा हिशोब असा बसतो. वेढ्याला ४३, गाठीला ८ आणि कासोट्याला ३६ अधिक १८, म्हणजे ५४. एकूण १०५ इंच. निऱ्या पाच इंच रुंदीच्या घातल्या तर प्रत्येक निरी जाऊन येऊन दहा इंच खाते. पुढे सहा निऱ्या पडल्या की सोगा भरलेला दिसतो, चार पडल्या तर तो काठीसारखा लोंबतो. सहा निऱ्यांचे ६० धरले तर तुम्हाला धुतलेलं कापड १६५ इंच लागतं.

चार मीटर म्हणजे १५७ इंच. कोरं सुती धोतर लांबीत शेकडा तीन-चारने आटतं, लांबीत पन्ह्यापेक्षा जास्तच, कारण मागावर ताण्याचे धागे ओढून धरलेले असतात आणि पाण्यात पडले की सैल होऊन आखडतात. म्हणजे हातात १५२ उरले. त्यातून १०५ गेले की निऱ्यांना ४७. चार निऱ्या कशाबशा. साडेचार मीटरचे १७७ इंच होतात, आटून १७० राहतात आणि निऱ्यांना ६५ मिळतात. म्हणून साडेचार.

दुकानदाराचं "चार मीटर सगळ्यांना होतं" हे बोलणं कुठून आलं तेही सांगतो. ३४ कंबर, ३२ फेरा धरा. ३४ अधिक ८ अधिक ५०, झाले ९२. १५२ मधून ९२ गेले की बरोबर ६० उरतात, सहा निऱ्या. म्हणजे चार मीटर हे ३४ कंबरेच्या माणसाचं चोख माप आहे. पूर्वी गिऱ्हाईक बहुतेक त्याच बांध्याचं असायचं, म्हणून ते वाक्य चालून गेलं. जुनी माणसं हातांत बोलायची. आठ हाती, नऊ हाती, दहा हाती. हात म्हणजे अर्धा वार, १८ इंच. नऊ हाती म्हणजे १६२ इंच, आजच्या चार मीटरच्या जवळपास. दहा हाती म्हणजे पाच वार, १८० इंच, आजचं साडेचार मीटर. आडव्या बांध्याच्या पैलवानाला आमचे वडील न विचारता दहा हाती पान काढून द्यायचे.

आता तुमचा कासोटा का निसटला ते बघू, कारण साडेचार मीटर घेऊनही हीच चूक परत होऊ शकते. तुम्ही कापडाचा मध्य बरोबर पाठीवर ठेवला. धुतलेल्या १५२ इंचांतून वेढा आणि गाठ मिळून ५१ गेले, उरले १०१. ते दोन्हीकडे सारखे वाटले गेले, साडेपन्नास डावीकडे आणि साडेपन्नास उजवीकडे. कासोट्याला हवे होते ५४. साडेतीन इंच कमी. हे साडेतीन इंच उभं असताना कळत नाहीत. खोचतानाही कळत नाहीत, कारण आपण पायातली ढील ओढून खोचण पुरवतो. पायरीवर पहिला पाय ठेवला की ती ढील परत मागितली जाते आणि खोच सुटते. अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाची वाट म्हणजे दिवसभराचं अनवाणी चालणं, त्यात कितीदा पायरी आली असेल! दोनदाच निसटला हेच विशेष.

म्हणून मध्य शोधत बसू नका. आधी डावी बाजू मोजून घ्या. गाठीच्या जागेपासून डावीकडे कासोट्याला लागेल तेवढं, तुमच्या बाबतीत ५४ इंच, म्हणजे तीन हात, सोडा आणि मगच गाठ मारा. उजवीकडे जे राहील ते निऱ्यांचं. क्रमही तोच ठेवा, कासोटा आधी आणि निऱ्या मागून. पुष्कळ नवशिके आधी पुढच्या निऱ्या झोकात घालतात आणि मग मागे खोचायला कापड पुरत नाही म्हणून गाठ सरकवतात.

दुसरं कारण करदोट्याचं. पूर्वी प्रत्येक पुरुषाच्या कंबरेला करदोटा असायचा आणि कासोटा त्याच्याखालून खोचला जायचा. धोतर धोतरालाच धरून राहील अशी अपेक्षा तेव्हा कुणाची नव्हती. आता करदोटा नसतो, मग खोच नुसत्या वेढ्यात बसते आणि घाम आला की सुटते. करदोटा नसेल तर जाड सुती नाडी बेंबीच्या रेषेत घट्ट बांधा, तिच्यावरून वेढा घ्या आणि कासोटा व निऱ्या दोन्ही नाडीच्या आत खोचा. कासोटा खोचताना टोकाची एक घडी आत वळवा, म्हणजे तिचा फुगीरपणा नाडीला अडतो. बाराबंदी कंबरेच्या खाली उतरते, त्यामुळे नाडी दिसायचा प्रश्न नाही.

नेसून झालं की घरातच तीन गोष्टी करून बघा. खुर्चीवर एक पाय ठेवा. उकिडवे बसा. मांडी घाला. यातल्या कशातही मागची खोच ओढल्यासारखी वाटली तर ढील कमी आहे, गाठ सोडून डावीकडे चार बोटं कापड वाढवा. उलट चालताना दोन पायांत कापडाचा बोळा घासत असेल तर ढील जास्त झालीय. आणि काठ टाचेखाली येत असेल तर लांबीला हात लावू नका, वरची दुमड इंचभर वाढवा.

आटण्याबद्दल मी जे आकडे धरलेत ते आमच्याकडच्या साध्या सुती धोतराचे आहेत. खळ जास्त असलेलं कापड कोरं असताना कडक आणि भरलेलं वाटतं, धुतलं की लांबीही जाते आणि अंगही. बोटांत चुरून बघा, पांढरी भुकटी लागली तर खळ भरपूर आहे, अशा पानात आटण्यासाठी आणखी थोडं धरा. यात्रेच्या आधी किमान आठ दिवस पान आणा, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता वाळत घाला आणि मग टेप लावा. कोरं नेसून निघू नका, खळीच्या कापडाची गाठ घसरते. पॉलिस्टर मिसळलेलं धोतर फारसं आटत नाही हे खरं, पण त्याची खोचही टिकत नाही. एवढ्या चालण्याला मी सुतीच सांगेन.

पुढे निऱ्या सोडायच्याच नसतील, दोन्ही टोकं दोन पायांतून मागे खोचायची असतील, ज्याला आपण दुटांगी म्हणतो, तर हिशोब वेगळा. तिथे निऱ्यांचे ६० इंच लागत नाहीत, पण कासोटे दोन लागतात. ३४ कंबरेला ३४ अधिक ८ अधिक दोनदा ५०, म्हणजे १४२ इंच, आठ हाती पान जेमतेम पुरतं. शेतात आणि मागावर काम करणाऱ्यांची धोतरं आखूड असायची ती यामुळे. शिवाय दुटांगी पोटरीपर्यंतच ठेवतात, म्हणून ४४ इंचाचा पन्हाही चालून जातो.

आता लुंगी. तिच्यात कासोटा नाही, निऱ्या नाहीत आणि उचलही नाही, म्हणून वरचा हिशोब तिला लागत नाही. पन्ह्यासाठी कंबर ते घोटा अधिक तीन इंच एवढंच धरा, तुम्हाला ४५ पुरेल, आटणं धरून ४६ घ्या. लांबीसाठी मात्र कंबर न मोजता बसण्याचा घेर, म्हणजे ढुंगणावरचा सर्वांत मोठा घेर मोजा. उघडी लुंगी पुढे एकावर एक किती येते यावर सगळं अवलंबून असतं. दोन मीटर म्हणजे ७९ इंच. ३८ घेराच्या माणसाला ४१ इंच वर येतात, म्हणजे दुसरा वेढा पुरा होतो आणि मांडी घालून बसलं तरी काही दिसत नाही. तुमचा घेर ४६ धरला तर ३३ च वर येतात. उभ्याने ठीक, पण जेवायला पाटावर बसलात की मांडीपाशी उघडेल. सव्वादोन मीटरची घ्या. शिवलेली, नळीसारखी लुंगी उघडायची भीती नसते, तिला दोन मीटरही चालेल. मात्र आत उभं राहून घेर पुढे ओढून बघा, घडी घालायला निदान एक वीत कापड दोन्हीकडे उरलं पाहिजे.

सोलापुरात दुकानात आणखी एक घोटाळा नेहमी होतो. आपल्या मराठीत पंचा म्हणजे अंग पुसायचं किंवा घरात गुंडाळायचं आखूड, अरुंद कापड. तेलुगूत आणि कानडीत मात्र जवळपास त्याच शब्दाने धोतर मागतात. घरात तेलुगू बोलणाऱ्या आजोबांनी नातवाला "पंच आण" म्हणून पाठवलं आणि नातू अंग पुसायचा पंचा घेऊन गेला, असं माझ्या गल्ल्यावर अनेकदा घडलंय. तेव्हा दुकानात नाव सांगू नका, माप सांगा. साडेचार मीटर, ५० इंच पन्हा, एक पान. जोडी म्हटलं तर दोन पानं एकत्र येतात, कधी मध्ये न कापलेली. तशी आली तर दुकानातच टेप लावून दोन्ही पानं सारखी निघतात का बघा आणि मगच कापायला सांगा.

कमरेला इलास्टिक असलेली शिवलेली धोतरं मी तुम्हाला देणार नाही. त्यांतली पायांची जागा ठरावीक मापाची कापलेली असते आणि तुमच्या ३६ च्या फेऱ्याला ती उकिडवं बसताना उसवते.

मागच्या वर्षीचं पान टाकू नका. ५ फूट ४ इंच उंचीच्या आणि ३४ कंबरेच्या माणसाचं बेंबी ते घोटा माप ३५ इंच येतं. अधिक सहा म्हणजे ४१, आणि तुमच्या पानात धुतलेले ४३ आहेत. घरात असा कुणी असेल तर त्याला ते घोट्यापर्यंत बेतल्यासारखं बसेल, वर दोन इंच दुमडायलाही उरतील.